नवंजुनं

झोळीची दोरी डाव्या मनगटाला गुंडाळलेली आणि उजव्या हातात फोन, अशी मी देवणीच्या आमच्या घराच्या ओसरीवर बसले होते. मे महिन्याची दहा तारीख. उन्हं उतरली तरी फरशी तापलेलीच होती. आईनं अंगणात पाण्याचे दोन तांबे शिंपडले होते आणि ओल्या मातीचा वास क्षणभर येऊन विरून गेला होता. झोळीत बाळ झोपलेलं. सात महिन्यांचं. दोरी थांबली की त्याची भुवई हलायची, म्हणून मी थांबवत नव्हते. अंगठ्यानं एकेक अक्षर जुळवत कार्यालयातल्या सहकाऱ्यांना ईमेल लिहीत होते. १ ऑक्टोबरपासून १८० दिवसांची प्रसूती रजा आणि तिला जोडून घेतलेली ४५ दिवसांची अर्जित रजा, अशी २२५ दिवसांची रजा १३ तारखेला संपणार होती. १४ मे रोजी मध्यान्हपूर्व मला रुजू व्हायचं होतं.

पहिल्यांदा जे लिहिलं ते असं होतं: ‘सर्वांना नमस्कार. मी १४ तारखेला रुजू होत आहे. मधल्या काळात काय काय बदल झाले ते कृपया थोडक्यात कळवावे.’ लिहून झालं, वाचलं, पाठवायला बोट खाली नेलं आणि थांबले. वाक्यात चूक नव्हती. पण त्याचं उत्तर मला आधीच माहीत होतं. ‘विशेष काही नाही मॅडम, सगळं ठीक आहे. बाळ कसं आहे?’ हेच उत्तर येणार होतं, आणि ते मनापासून आलेलं असणार होतं.

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे, याच अंगणात.

आण्णा दर वर्षी आषाढी वारीला जायचे. पेरणी उरकली की दिंडीबरोबर निघायचे आणि पंधरा-वीस दिवसांनी परतायचे. मूग-उडीद तोवर वर आलेला असायचा, पहिली कोळपणी झालेली असायची. दारात पाय धुवून, बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद आईच्या हातात देऊन ते ओसरीच्या खांबाला टेकायचे आणि सालगड्याला विचारायचे, “काय नवंजुनं?” आम्ही त्या गड्याला मामा म्हणायचो. मामा डोक्यावरचं मुंडासं सारखं करून म्हणायचे, “काही नाही आण्णा. हाय तसंच हाय.”

आण्णा यावर कधी रागावले नाहीत. चहा संपवायचे, उठायचे आणि मामांना घेऊन गोठ्यात जायचे. आमच्याकडे देवणी जातीची जनावरं. या गावाचं नाव ज्या गुरांना मिळालं, तीच. आमच्या इकडे या जातीत तीन रंग ओळखतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या ती वानेरा, पांढऱ्या अंगावर कुठंही काळे डाग विखुरलेले ती शेवेरा, आणि जवळजवळ सगळी पांढरी, फक्त पोटाखाली काळे ठिपके ती बालंक्या. आण्णा एकेका जनावरासमोर थांबायचे. “मी गेलो तेव्हा वानेरी दोन्ही वेळा दूध द्यायली होती. आता?” मामा चटकन सांगायचे, “नाही, सांजचं बंद केलंय तिनं. चार-पाच रोज झाले.” “खोंडाच्या खुराला लागलेलं होतं. मी हळद भरून गेलतो.” “ते भरून आलं. पण आता मागचा पाय उचलून धरायलंय.” “बी आणायचं म्हणून पैसे देऊन ठेवले होते त्याचं?” मामा गप्प. मग हळूच, “ते राहिलंच की आण्णा.”

गोठ्यातून परत येईपर्यंत वीस दिवसांचा हिशोब आण्णांच्या हाताशी आलेला असायचा. मामा खोटं बोलले नव्हते. वीस दिवस रोज पाहिलेलं त्यांना बदल म्हणून दिसतच नव्हतं. सांजचं दूध एका दिवसात बंद होत नाही. आज पाव शेर कमी, उद्या आणखी थोडं कमी. जो रोज धार काढतो त्याच्यासाठी त्यात कुठलाच दिवस वेगळा नसतो. निघताना तुडुंब भरलेली चरवी पाहून गेलेल्या माणसालाच तो फरक विचारता येतो. म्हणून आण्णा कधीच नुसतं ‘आता कसं आहे’ असं विचारत नसत. आधी ‘मी गेलो तेव्हा असं होतं’ हे सांगत आणि मग ‘आता?’ म्हणून थांबत. समोरच्याला सगळं आठवायचं ओझं नसे, फक्त दुरुस्ती करायची असे.

अंगठा पुन्हा अक्षरांवर ठेवला आणि लिहिलेलं पुसलं.

मी आस्थापना शाखेत काम करते. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा, वेतनवाढी, ज्येष्ठता, निवृत्ती यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. आमच्याकडे कागद लावायची सहा गठ्ठा पद्धत आहे. ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्यात अँडरसन नावाच्या अधिकाऱ्यानं कार्यालयीन कामकाजावर जी पुस्तिका केली, तिच्याशी या पद्धतीचं नाव जोडलेलं आहे, आणि महसुलात नव्यानं आलेल्या लिपिकाला ती सुरुवातीलाच शिकवली जाते. पहिल्या गठ्ठ्यात बैठकीवरची प्रकरणं, म्हणजे ज्यांवर आज काम करायचं ती. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण आपलं काम केलं, पत्र गेलं आणि आता दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट आहे ती. तिसऱ्यात नियतकालिकं, ठरल्या तारखांना पाठवायची विवरणपत्रं. चौथ्यात स्थायी आदेश. पाचव्यात काम संपून अभिलेख कक्षात जायची प्रकरणं. सहाव्यात नष्ट करायचे कागद.

माझे आजोबा निजामाच्या राज्यातलं दफ्तर पाहिलेले. ते फायलीला शेवटपर्यंत मिसलच म्हणायचे. मी नोकरीला लागले तेव्हा ही सहा गठ्ठ्यांची गोष्ट मी त्यांना हौसेनं सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग वाट बघणारी मिसल आणि मेलेली मिसल, ह्या दोघी वरून सारख्याच दिसत असतील की?” तेव्हा मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

पण दुसऱ्या आणि पाचव्या गठ्ठ्यात खरोखरच बाहेरून काही फरक नसतो. दोन्हींत महिनोन्महिने नवा कागद पडत नाही. दोन्हींवर सारखीच धूळ बसते. फरक असतो तो फक्त वरच्या चिठ्ठीचा. प्रतीक्षाधीन प्रकरणाच्या पाठीवर लिहायचं असतं की कुणाच्या उत्तराची वाट आहे आणि कोणत्या तारखेला स्मरणपत्र द्यायचं. ती तारीख आली की प्रकरण आपोआप पहिल्या गठ्ठ्यात यावं, अशी ती योजना आहे. जोवर चिठ्ठी लिहिणारा माणूस रोज टेबलावर येतो, तोवर चिठ्ठी नसली तरी चालतं. त्याला तोंडपाठ असतं. तो रजेवर गेला की ते तोंडपाठही त्याच्याबरोबर घरी जातं.

म्हणून ईमेल पुन्हा लिहिताना मी डोळे मिटून माझा दुसरा गठ्ठा आठवायला घेतला. झोळीची दोरी हलत होती आणि तिच्या लयीत एकेक प्रकरण वर येत होतं. पहिल्या गठ्ठ्याची मला चिंता नव्हती. बैठकीवरचं काम ज्याच्याकडे कार्यभार असतो त्याला दिसतं, कारण त्यासाठी रोज कुणीतरी विचारत येतं. जे विचारलं जात नाही तेच शोधायचं होतं. पाच प्रकरणं आठवली. मग मी असं लिहिलं:

‘नमस्कार. १४ मे रोजी रुजू होत आहे. सगळा वृत्तांत लिहायची तसदी घेऊ नये. ३० सप्टेंबरला मी निघाले तेव्हाची स्थिती खाली देत आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे “तसेच”, “झाले” किंवा “बदलले” एवढा एकच शब्द लिहिला तरी पुरे. माहीत नसेल तर “माहीत नाही” असे लिहावे, तेही मला उपयोगाचे आहे.

१. आश्वासित प्रगती योजनेचे दोन प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे गेले होते.
२. वाहनचालकांचे वैद्यकीय प्रतिपूर्ती देयक शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात तपासणीला होते.
३. अनुकंपा यादीतील एका अर्जात वारसांची संमतिपत्रे येणे बाकी होते.
४. आपल्या शिपाई मामांच्या सेवापुस्तकात त्यांच्या पहिल्या कार्यालयातील एका वर्षाच्या सेवेची पडताळणी नोंद नव्हती. त्या कार्यालयाला सप्टेंबरमध्ये पत्र दिले होते.
५. १ जानेवारीच्या ज्येष्ठता यादीसाठी माहिती मागवायची होती.

याशिवाय, मी गेले तेव्हा रजेचे अर्ज कागदावर येत, माझ्या कपाटाची एक किल्ली कार्यभार घेतलेल्या मॅडमकडे होती, आणि वेतन देयक २० तारखेपर्यंत तयार होई. यातले जे आता तसे नसेल तेवढेच कळवावे.’

‘माहीत नाही’ या शब्दाला मुद्दाम जागा दिली होती. सहकारी कामाचे असतात आणि मनानंही चांगले असतात, पण माहीत नाही असं लिहायला कुणालाच बरं वाटत नाही. मग माणूस ‘बहुतेक झालं असावं’ असं लिहितो. वाट बघणाऱ्या प्रकरणांना सर्वांत जास्त धोका या ‘बहुतेक’चाच असतो. आणखी एक गोष्ट मी केली. सगळ्यांना एकत्र न पाठवता तिघांनाच पाठवलं. कार्यभार घेतलेल्या मॅडम, आवक-जावक बघणारे भाऊसाहेब आणि देयकं करणारे सहकारी. दहा जणांना विचारलेला प्रश्न प्रत्येकाला उरलेल्या नऊ जणांचा वाटतो.

पाठवून टाकलं. बाळ जागं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेबांचं उत्तर आलं. एकेक शब्दाची सवलत दिली होती, तरी त्यांनी बरंच लिहिलं होतं. प्रश्न बारीक असला की माणूस मोकळा होतो, हे मला तेव्हा जाणवलं. पहिलं: एक झाले, एक त्रुटी लागून परत आले, मार्चमध्ये पुन्हा गेले. दुसरं: झाले. तिसरं: तसेच. पाचवं: झाले, प्रारूप यादीवर आक्षेप मागवले आहेत. रजेचे अर्ज आता ई-ऑफिसवरच येतात. कपाट मात्र तिथं नाही. जानेवारीपासून राज्यभर सरकारी कार्यालयांत शंभर दिवसांचा सुधारणा कार्यक्रम झाला, त्यात स्वच्छता आणि जुन्या कागदांची छाननी होती. तेव्हा टेबलं हलली, कपाटं खालच्या खोलीत गेली, खिडकी उघडी झाली आणि आता उजेड चांगला येतो, असं त्यांनी आनंदानं लिहिलं होतं.

वाचताना बरं वाटत होतं. मग पुन्हा वरून वाचलं. एक, दोन, तीन, पाच.

चौथ्यापुढे काहीच नव्हतं. ‘माहीत नाही’ हेही नव्हतं.

संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की डिसेंबरअखेर त्यांच्याकडचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्या लिपिकाकडे गेला, त्यामुळं पुढचं ते सांगतील. तिसऱ्या उत्तरातही चौथा मुद्दा नव्हता. तिन्ही उत्तरं प्रामाणिक होती आणि तिन्हींत एकाच ठिकाणी भोक होतं. मी जर ‘काय नवंजुनं’ एवढंच विचारलं असतं, तर हे भोक दिसलंच नसतं. यादीमुळंच मौनाला जागा मिळाली आणि ते नजरेला आलं.

शिपाई मामांची जन्मतारीख १ जून. आमच्या भागात त्या पिढीच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून असते. शाळेत घालायला नेलेल्या पोराची तारीख बापाला सांगता यायची नाही, आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहून टाकायचे. त्या एका ओळीवर पुढं नोकरी लागते आणि त्याच ओळीवर ती संपते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, आणि चतुर्थ श्रेणीसाठी वय साठ. म्हणजे मामा ३१ मे रोजी निवृत्त होणार होते. निवृत्तिवेतनाचे कागद त्याआधी सहा महिने महालेखापालांकडे जायला हवेत. मराठवाड्याचे कागद नागपूरला जातात. म्हणजे ते नोव्हेंबरअखेर जायला हवे होते. आणि हा मे महिना होता.

मी फोन लावला. भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, तो मुद्दा वाचला होता. मला वाटलं तुम्ही जाण्याआधीच त्याचं झालं असेल. फाईल कुठं दिसली नाही ना.” फाईल दिसली नाही म्हणजे काम झालं असेल, हा विचार कोणत्याही नीटनेटक्या कार्यालयात सहज येणारा आहे.

रुजू झाल्यावर दोन दिवस लागले, पण काय झालं होतं ते उलगडलं. सप्टेंबरात मी पत्र पाठवलं आणि प्रकरण दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवलं. कार्यभार देताना केलेल्या यादीत त्याचा उल्लेख होता, पण प्रकरणाच्या पाठीवर स्मरणपत्राची तारीख मी लिहिलेली नव्हती. ती चूक माझी. त्या आठवड्यात माझं मन दवाखान्याच्या तारखेकडे लागलेलं होतं. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान झालं. त्या पाच आठवड्यांत आस्थापनेतली बहुतेक माणसं निवडणुकीच्या कामावर होती. कागद जायला हवे होते ते नेमके याच आठवड्यांत. डिसेंबरात त्या जुन्या कार्यालयाचं उत्तर आलं, आवक नोंदवहीत त्याची नोंद आहे. वेतन देयकांवरून सेवा पडताळली असा चांगला, पुरेसा दाखला होता तो. पण तो लावायला मूळ प्रकरण शोधलं तेव्हा कार्यभार हस्तांतराची धांदल चालू होती, म्हणून तो संकीर्ण फाईलमध्ये लागला. फेब्रुवारीत छाननी सुरू झाली तेव्हा सप्टेंबरपासून एकही नवा कागद न पडलेलं, पाठीवर तारीख नसलेलं माझं प्रकरण पाचव्या गठ्ठ्यात गेलं. आजोबांनी विचारलेलं तेच झालं होतं. वाट बघणारी मिसल मेलेली समजली गेली.

कुणीही निष्काळजी नव्हतं. प्रत्येकानं आपल्यासमोर आलेल्या कागदाचं योग्य ते केलं होतं. दोन कागद एकमेकांना शोधत एकाच इमारतीत पाच महिने होते, आणि त्यांची ओळख असलेलं एकच माणूस देवणीत झोळी हलवत होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. अभिलेख कक्षात मी प्रकरण शोधत होते तेव्हा शिपाई मामाच शिडी धरून उभे होते. म्हणाले, “इथले गठ्ठे फेब्रुवारीत मीच वर चढवलेत. कोणता पाहिजे सांगा.” मी त्यांना विचारलं, “मामा, तुमच्या पेन्शनचं कुणाला विचारलं नाहीत का?” ते म्हणाले, “विचारायचं काय त्यात? तुम्ही म्हणालता ना, पत्र टाकलंय म्हणून. मग म्हटलं, मॅडम आल्यावर बघतील. बाळंतीण बाईला फोन कसा करायचा?”

गठ्ठा मिळाला. त्यातल्या एका प्रकरणाच्या मुखपृष्ठावर माझ्याच अक्षरात त्यांचं नाव होतं.

सेवापुस्तकात पडताळणीची नोंद घालायला एक सही आणि पाव तास लागला. मग अर्ज, वारसांचं नामनिर्देशन, छायाचित्रं, ना-देय प्रमाणपत्र, सेवेची गणना. आम्ही चौघांनी मिळून ते कागद आठ दिवसांत उभे केले आणि नागपूरला पाठवले. महालेखापालांचा आदेश येईपर्यंत कार्यालयप्रमुखांना तात्पुरतं निवृत्तिवेतन मंजूर करता येतं, तशी नियमांत सोय आहे. तो प्रस्तावही त्याच आठवड्यात केला. ३१ तारखेला मामांना शाल, श्रीफळ आणि फेटा दिला. मामी हिरवी साडी नेसून आल्या होत्या. भाषणात साहेब म्हणाले की यांची कोणतीही येणी बाकी राहणार नाहीत. मामा माझ्याकडे पाहून हसले. मला ते हसू अजून पेलत नाही. तात्पुरतं म्हणजे पूर्ण नव्हे. नोव्हेंबरात कागद गेले असते तर त्या दिवशी आदेशच त्यांच्या हातात देता आला असता.

रुजू अहवाल ही किती लहान गोष्ट असते. ‘अमुक दिनांकापासून रजेवर होते, आज दिनांक अमुक रोजी मध्यान्हपूर्व कर्तव्यावर रुजू होत आहे.’ एवढं लिहून खाली सही केली की नियमाप्रमाणं आपण परतलेले असतो. पण ज्या जागेवरून आपण उठलो ती जागा तिथं राहिलेली नसते. कपाट खालच्या खोलीत असतं, खिडकीतून उजेड येत असतो, आणि ज्यांनी तो रोज पाहिला त्यांना खिडकी नेहमी उघडीच होती असं वाटत असतं. त्या पहिल्या तीन-चार दिवसांत परतलेल्या माणसाच्या डोळ्यांत जुनं आणि नवं एकाच वेळी असतं. आठवड्याभरात तेही जातं. मग त्यालाही सगळं ‘हाय तसंच’ दिसू लागतं. आण्णा पाय धुतल्यावर लगेच गोठ्यात का जात, झोपून उठून सकाळी का नाही, हे मला आता थोडं कळतं.

आता माझ्या दुसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक प्रकरणाच्या पाठीवर तारीख आहे. आवक नोंदीवर जुन्या पत्राचा क्रमांकही लिहायला आम्ही सुरुवात केली आहे, म्हणजे उत्तर आलं की ते आपलं प्रकरण ओळखेल. ई-ऑफिसवर हे सोपं होईल असं सगळे म्हणतात. होईलही. पण पडद्यावरची वाट बघणारी फाईलही न हलणाऱ्या फाईलसारखीच दिसते, हे मी पाहते आहे.

रुजू झाल्या दिवशी संध्याकाळी लातूरच्या भाड्याच्या घरी परतले तेव्हा आई दारातच बाळाला कडेवर घेऊन उभी होती. काही दिवस ती माझ्याबरोबर राहायला आली आहे. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मी त्याच्यापासून सबंध दिवस लांब होते. चप्पल काढता काढता तोंडातून निघून गेलं, “काय केलं गं आज त्यानं? काय नवंजुनं?”

आई म्हणाली, “काही नाही. खाल्लं, खेळलं, झोपलं. हाय तसंच हाय.”

मी हातपाय धुतले. झोळी जिथं टांगली होती तिथं जाऊन खाली फरशीवर बसले. बाळाला समोर घेतलं. ते माझ्या ओढणीच्या टोकाकडे बघत होतं.

“आई,” मी म्हटलं, “सकाळी मी गेले तेव्हा झोळीच्या काठाला धरून गुडघ्यावर बसला होता. आता?”

आई क्षणभर थांबली. मग तिचा चेहरा उजळला आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली.

“थांब, आठवते,” ती म्हणाली.